‘एकंदर छाप’ नावाचा रकाना

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत डेटा विश्लेषणाचा विभाग सांभाळते. दोन जागांसाठी 132 अर्ज आलेत आणि मुलाखतीला 12 जण बोलवायचेत. आमचे साहेब रेझ्युमेवरचं संस्थेचं नाव बघूनच गठ्ठा वेगळा काढतात. या वेळी मी हट्टानं रुब्रिक बनवलं. शिक्षण 25, अनुभव 25, कौशल्यं 25 आणि एकंदर छाप 25, असे शंभर गुण. दोन दिवस बसून सगळे अर्ज तपासले. वर आलेल्या 12 पैकी 10 जण त्याच चार नामवंत संस्थांचे निघाले! साहेब हसून म्हणाले, “मी दहा मिनिटांत केलं, तेच तू दोन दिवसांत केलंस.” मी स्वतः कुणी नावही न ऐकलेल्या कॉलेजात शिकले, त्यामुळे माझाच आकस आहे की काय, असंही वाटून गेलं. रुब्रिक चुकलं, की साहेब बरोबर आहेत?

उत्तर :

तुमचा तक्ता बघून मला पहिली शंका आली ती अशी, की यात संस्थेचं नाव तीनदा मोजलं गेलंय. ‘शिक्षण’ या रकान्यात एकाला 22 आणि दुसऱ्याला 14 देताना तुम्ही नेमकं काय बघितलंत, ते जरा आठवून पाहा. पदव्या तर बहुतेकांच्या सारख्याच असणार. मग आठ गुणांचा फरक पडला कशानं? दुसरा रकाना ‘एकंदर छाप’. त्याबद्दल मी काही बोलायलाच नको, छाप पडते ती नावाचीच. तिसरी जागा मात्र सहज दिसत नाही, ती म्हणजे ‘कौशल्यं’. ‘एसक्यूएल उत्तम’ ही तीच ओळ नावाजलेल्या संस्थेच्या खाली वाचली की वजनदार वाटते आणि अनोळखी कॉलेजच्या खाली वाचली की आपण मनात म्हणतो, असेल थोडंफार येत. दोन्हीकडे पुरावा तेवढाच, म्हणजे शून्य.

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं 1920 साली हीच गोष्ट सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या बाबतीत दाखवली होती. अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे अंक देत. पण अंक पाहिले तर ते एकमेकांना इतके चिकटून चालत होते, की ते खरंच वेगळे तपासलेत यावर विश्वास बसू नये. आधी माणूस आवडायचा किंवा नावडायचा आणि मग त्या एकाच मताचे अंक चार रकान्यांत वाटले जायचे. तुमचे शंभर गुणही तसेच वाटले गेले असावेत. त्यामुळे साहेबांनी जे दहा मिनिटांत केलं तेच तुम्ही दोन दिवसांत केलंत, हे त्यांचं म्हणणं लागलं तरी खोटं नाही. फक्त त्यावरून त्यांची पद्धत बरोबर ठरत नाही. एकाच काट्यावर दोनदा वजन केलं, एवढंच झालंय.

यात लाजण्यासारखं काही नाही, कारण मी हेच केलंय आणि जास्त काळ केलंय. एका जुन्या नोकरीत आमच्या तक्त्यात ‘वाढीची क्षमता’ नावाचा रकाना होता आणि तो आणणारी मीच होते. दोन वर्षांनी जुन्या फाइली चाळताना लक्षात आलं, की त्या रकान्यातले आठ आणि नऊ गुण जवळपास सगळे दोनतीन संस्थांच्याच लोकांना गेलेत. एका सहकाऱ्याला विचारलं, याला नऊ का दिलेस? तो म्हणाला, “अगं, तिथून आलाय ना.” मी त्याला काय बोलणार, माझे नऊही तसेच होते.

आता साहेबांची बाजू. ती अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. अवघड प्रवेशपरीक्षा पार केलेल्या माणसाबद्दल ती परीक्षा काहीतरी सांगतेच, आणि उमेदवार आजच पदवी घेऊन बाहेर पडलेला असेल, दाखवायला दुसरं काम नसेल, तर ते ‘काहीतरी’ डोळ्यांत भरतं. पण ती चाळणी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कामासाठी, काही वर्षांपूर्वी लावलेली आहे. दोन प्रणालींमधले आकडे का जुळत नाहीत हे शोधणं, किंवा विक्री विभागाच्या माणसाला आलेख समजावून सांगणं, हे त्या परीक्षेत कुणी तपासलेलं नव्हतं. शिवाय त्या परीक्षेला बसलाच नाही, किंवा पैशाअभावी, घरच्या जबाबदारीमुळे जाऊ शकला नाही, अशा माणसाबद्दल ती चाळणी काहीच सांगत नाही. आपण मात्र ‘काही सांगत नाही’ याचा अर्थ ‘नापास’ असा लावतो.

“आमच्याकडे तिथून आलेले सगळे चांगलं काम करतात,” हेही साहेब म्हणत असतील. खरंही असेल. पण इतर ठिकाणचे लोक आत घेतलेच नाहीत, तर तुलना कुणाशी करायची? नाकारलेल्या माणसांनी कसं काम केलं असतं हे तुमच्या कुठल्याच फाइलीत नाही. मी हा मुद्दा वाद घालायला सांगत नाहीये. पुढे त्याची एक सोपी चाचणी सुचवणार आहे.

आधी एक प्रश्न तुमच्यासाठीही. रुब्रिक बरोबर असतं तर नामवंत संस्थांचे लोक कमी आले असते, असं तुम्ही मनातल्या मनात धरून चाललात ना? ते तसं होईलच असं नाही. नीट निकष लावूनही 12 पैकी सात जण त्याच संस्थांचे येऊ शकतात आणि ते सात जण रीतसर आलेले असतील. तुम्ही स्वतः कुठे शिकलात याचा इथे संबंध एवढाच, की हवा तो निकाल येईपर्यंत तक्ता बदलत राहण्याचा मोह तुम्हाला होऊ शकतो. साहेबांच्या आकसाइतकाच तोही आकस.

याबद्दलचा एक प्रयोग मला फार उपयोगी वाटतो. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांनी 2005 साली तो प्रसिद्ध केला. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन उमेदवार लोकांसमोर ठेवले. एकाकडे रस्त्यावरच्या कामाचा अनुभव दांडगा, दुसऱ्याकडे शिक्षण भक्कम, आणि कुणाकडे काय हे आलटून-पालटून. पुरुषाकडे शिक्षण असलं की लोकांना या पदासाठी शिक्षण महत्त्वाचं वाटू लागायचं. म्हणजे उमेदवार आधी ठरत होता आणि त्याला शोभेल असा निकष मागून येत होता. पण उमेदवार बघण्याआधीच कोणता निकष किती महत्त्वाचा हे लोकांकडून ठरवून घेतलं, तेव्हा हा पक्षपात उरला नाही. रुब्रिकची सगळी ताकद या ‘आधी’ शब्दात आहे. गुण शंभर की बारा, हा मुद्दाच नाही.

तुमची अडचण इथेच आहे. तुम्ही 132 अर्ज वाचून बसलात. आता तुम्ही कितीही प्रामाणिकपणे नवे निकष लिहिले, तरी डोळ्यांसमोर काही चेहरे येणारच. म्हणून माझा सल्ला असा, की नवे निकष तुम्ही लिहा, पण गुण तुम्ही देऊ नका. अर्ज न बघितलेले दोन सहकारी घ्या, शक्यतो हेच काम रोज करणारे. आणि निकष अर्जांतून काढू नका, कामातून काढा. सध्या त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला विचारा, गेल्या तीन महिन्यांत तू काय काय केलंस, कशात वेळ गेला, कुठे अडलास, कशामुळे बोलणी खाल्लीस. तासाभराच्या गप्पांत तीन-चार गोष्टी वर येतात. त्याहून जास्त निकष घेऊ नका. आठ-दहा निकष झाले की वाचणारा थकतो आणि पुन्हा छापेवर येतो.

तुमच्या पदासाठी मी अंदाजानं चार धरते. पहिला, वेगवेगळ्या तक्त्यांतून हवी ती माहिती स्वतः क्वेरी लिहून काढणं. दुसरा, घाण डेटा ओळखणं आणि चूक कुठून येतेय हे शोधणं. तिसरा, निघालेली गोष्ट तांत्रिक नसलेल्या माणसाला समजेल अशी सांगणं. चौथा, एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर नेणं.

प्रत्येकाला 0 ते 3 गुण. मात्र 2 म्हणजे काय हे लिहून ठेवलं नाही तर 25 गुणांची जुनी गंमत पुन्हा सुरू होईल. मी वापरते ती मोजपट्टी अशी. त्या गोष्टीचा उल्लेखच नाही, तर 0. नुसतं साधनाचं किंवा कौशल्याचं नाव किंवा ‘उत्तम’, ‘निष्णात’ असलं विशेषण असेल तर 1. उमेदवारानं स्वतः काय केलं हे कळतंय, तर 2. काय केलं, त्यात त्याचा वाटा किती होता आणि त्यामुळे काय बदललं, हे तिन्ही कळतंय तर 3. विशेषणाला वेगळा गुण नाही, हे या पट्टीत सगळ्यात कामाचं.

काही गोष्टी गुणांत घ्यायच्याच नसतात, त्या फक्त दाराशी तपासायच्या. कामाला कायद्यानं ठरावीक पात्रता लागते, ठरावीक तारखेला रुजू होणं भाग आहे, अशा गोष्टींना ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर असतं. पदवी हवीच असेल तर तीही इथेच, ‘आहे की नाही’ या रूपात. कुठून घेतली हा प्रश्न दाराशी विचारायचा नाही. तुमच्या 132 मधून दाराशी, समजा, 54 गळले, तर वाचायला 78 उरतात. एका अर्जाला पाच मिनिटं धरली तर एका वाचकाचे साडेसहा तास. दोन दिवसांत विभागले की जमतं.

आता पट्टी लावून बघू. तीन अर्ज मी रचलेत, पण असे अर्ज तुमच्या गठ्ठ्यात नक्की असतील.

क्रमांक 37 नामवंत संस्थेचा. लिहिलंय : “एसक्यूएल, पायथन आणि डॅशबोर्ड साधनांत निष्णात. विश्लेषण प्रकल्पाचं नेतृत्व करून विभागाची कार्यक्षमता वाढवली. वरिष्ठांपुढे दर महिन्याला सादरीकरण.” वाचायला भारदस्त आहे. पट्टी लावा. क्वेरीसाठी 1, कारण नुसतं नाव आहे. घाण डेटाबद्दल एक शब्द नाही, म्हणून 0. सादरीकरण स्वतः करतो हे कळतं, पण त्यातून काय ठरलं ते नाही, म्हणून 2. नेतृत्व केलं म्हणतो, पण काय केलं ते सांगत नाही, म्हणून 1. एकूण 12 पैकी 4.

क्रमांक 82 चं कॉलेज कुणाला माहीत नाही. भाषा साधी, एका ठिकाणी शुद्धलेखनही चुकलंय. लिहिलंय : “तीन गोदामांचे महिनाअखेरचे साठे हिशोबाशी जुळत नव्हते. मी दोन्ही प्रणालींतल्या नोंदी क्वेरी लिहून समोरासमोर लावल्या. परत आलेला माल एका प्रणालीत आल्या दिवशी आणि दुसरीत तपासणीनंतर चढत होता, हे सापडलं. तारखेचा नियम एक करून घेतला. जुळणीला चार दिवस लागत, आता एक लागतो.” क्वेरी 3, चूक शोधणं 3. नियम एक करून घेतला म्हणजे कुणाला तरी पटवलं असणार, पण कसं ते लिहिलेलं नाही. इथे वाचकाला 2 द्यायचा मोह होतो, मी 1 देईन, कारण पट्टी लिहिलेल्याला गुण देते, आपल्या अंदाजाला नाही. शेवटपर्यंत नेण्याला 3. एकूण 10.

क्रमांक 15 पुन्हा त्याच नामवंत संस्थेची, आणि तिनं दोन कामं नीट उलगडून सांगितलीत. तिला 3, 2, 3, 3, म्हणजे 11. ती सगळ्यांत वर येते आणि यायलाच हवी. संस्थेचं नाव झाकल्यानं तिचं काहीच बिघडलं नाही. नुकसान झालं ते 37 चं, आणि तेही त्याच्याच लिखाणामुळे. त्याच्याकडे परत येऊ.

तुमच्या जुन्या तक्त्यात 82 ला किती गुण होते ते शोधून बघा. मला वाटतं शुद्धलेखनाच्या त्या एका चुकीनं ‘एकंदर छाप’मध्ये त्याचे दहा तरी गेले असतील.

अर्ज वाचायची पद्धतही बदलावी लागेल. शाळेत पाचशे उत्तरपत्रिका तपासणारे जुने शिक्षक आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासत, मग सगळ्यांचा दुसरा. एकाच मुलाचा पूर्ण पेपर सलग तपासला, की पहिल्या झकास उत्तराचा गोडवा पाचव्या उत्तरापर्यंत पुरतो, हे त्यांना ठाऊक असे. इथेही तसंच करा. सगळ्या 78 अर्जांचा पहिला निकष, मग सगळ्यांचा दुसरा. दर फेरीला अर्जांचा क्रम बदला. एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात `=RAND()` टाकून त्यावर क्रम लावला की झालं. नाहीतर यादीतले शेवटचे लोक दर वेळी थकल्या डोळ्यांच्या वाट्याला येतात.

आणि प्रत्येक गुणाशेजारी ज्या ओळीवरून तो दिला ती ओळ जशीच्या तशी चिकटवायची. ओळ सापडत नाही? मग गुणही नाही. हा नियम वेळखाऊ वाटतो, पण छापेला आवर घालणारं याहून चांगलं काही मला मिळालेलं नाही. दोघा वाचकांचे गुण एकमेकांना दिसता कामा नयेत. आधी दहा अर्ज दोघांनी तपासून बघा. चाळीस खणांत बरेच ठिकाणी दोन गुणांचा फरक पडत असेल, तर वाचकांना दोष देऊ नका, पट्टीचे शब्द ढिले आहेत. ते घट्ट करा आणि ते दहा पुन्हा तपासा. नंतरच्या कामात एका गुणाचा फरक आला तर सरासरी घ्या. दोन किंवा जास्तीचा आला तर दोघांनी चिकटवलेली ओळ समोर ठेवून बोलायचं. दहात नऊ वेळा एकाची ओळ नजरेतून सुटलेली असते.

नाव झाकण्याच्या कामात लोक फसतात ते बारीकसारीक ठिकाणी. पीडीएफमधल्या नावावर काळा चौकोन काढला की ते झाकलं असं वाटतं, पण खालचा मजकूर तसाच राहतो आणि निवडून कॉपी केला की बाहेर येतो. फाइलच्या नावात उमेदवाराचं नाव असतं. ईमेलच्या पत्त्यात संस्था असते. ‘अमुक महोत्सवाचा सचिव’ या ओळीतूनही संस्था ओळखू येते, कारण तो महोत्सव तिथलाच. म्हणून झाकत बसण्यापेक्षा, गुण न देणाऱ्या कुणाकडून प्रत्येक अर्जातला फक्त कामाचा आणि प्रकल्पांचा मजकूर एका कोऱ्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि तिला क्रमांक द्या. आधीच्या कंपन्यांची नावंही काढा. नामवंत कंपनी हेही नामवंत संस्थेचंच भावंड. त्या जागी ‘मोठी किरकोळ विक्री कंपनी’ असं वर्णन चालेल, म्हणजे कामाचा आवाका कळतो.

कुठल्या निकषाला किती वजन द्यायचं यावर तुमच्याकडे वाद होईल. फार वेळ घालवू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉज यांनी 1979 सालीच दाखवलंय, की योग्य गोष्टी निवडल्या असतील तर सगळ्यांना सारखं वजन देऊन केलेली साधी बेरीजही बरंच काम करते आणि जाणकारांच्या अंदाजाला सहसा मागे टाकते. एखादा निकष खरंच दुप्पट महत्त्वाचा असेल तर दुप्पट करा, पण अर्ज उघडण्याआधी, आणि कागदावर तारीख घालून. साहेबांची सही त्याच कागदावर घ्या. नंतर “पण याचं शिक्षण बघ ना” असा सूर लागला, की तो कागद पुढे करता येतो.

बारावा आणि तेरावा यांत अर्ध्या गुणाचा फरक असेल तर तो फरक खरा मानू नका. पट्टी तितकी बारीक नाही. समजा 8 गुणांच्या वर नऊ जण आहेत आणि बरोबर 8 वर सहा जण. तर त्या सहांतून तीन निवडायला पुन्हा ‘जरा बघू या कोण वाटतं’ सुरू करू नका. संस्थेचं नाव परत आत येतं ते याच फटीतून. सहाही जणांना पुढच्या टप्प्याला घ्या. पंधरा जणांच्या मुलाखती जड वाटत असतील तर मुलाखतीआधी सगळ्यांना छोटं काम द्या आणि त्यावरून बारा निवडा.

आता 37 कडे. तो खरंच वाईट आहे का? मला माहीत नाही, आणि तुमच्या रुब्रिकलाही माहीत नाही. रेझ्युमेवर लावलेलं कुठलंही रुब्रिक शेवटी थोडंफार रेझ्युमे लिहिण्याची कला मोजतं. ज्यांना सांगायला कुणी असतं, ते शिकतात की आकडे टाका, परिणाम लिहा. ज्यांना कुणी सांगत नाही ते चांगलं काम करूनही ‘जबाबदाऱ्या सांभाळल्या’ एवढंच लिहून मोकळे होतात. 37 च्या बाबतीत उलटं झालंय, पण साधारणपणे हा फटका अनोळखी कॉलेजातल्यांना जास्त बसतो. म्हणजे नाव झाकूनही संस्थेची सावली लिखाणातून उरतेच. संस्थेची छाप रुब्रिकनं पूर्ण पुसली जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

यावर उपाय रेझ्युमेच्या बाहेर आहे. दाराशी पास झालेल्या सगळ्या 78 जणांना तीन सारखे प्रश्न पाठवा आणि उत्तराला प्रत्येकी दीडशे शब्दांची मर्यादा घाला. “आकडे जुळत नव्हते असा एक प्रसंग सांगा. तुम्ही स्वतः काय केलंत? शेवटी काय निघालं?” अशा धर्तीचे. प्रश्नातच काय हवंय हे सांगितलं, की लिहिण्याची शिकवणी मिळाली की नाही याचा फरक बराच कमी होतो. मग गुण रेझ्युमेला न देता या उत्तरांना द्या, त्याच पट्टीनं. पुढच्या भरतीत हे प्रश्न अर्जाच्या फॉर्ममध्येच घाला, नाव झाकण्याची अर्धी कटकट तिथेच संपेल. उत्तरं उसनी असू शकतात, हे आलंच. म्हणून मुलाखतीत त्याच प्रसंगावर खोदून विचारायचं. कोणत्या तक्त्यांत बघितलंत, पहिला संशय कशाचा आला, तो चुकीचा निघाला का? स्वतः केलेल्या माणसाला चुकीचे संशयसुद्धा आठवतात.

राहिले साहेब. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना सामील करून घ्या. त्यांना म्हणा, तुमच्या पद्धतीनं तुमचे बारा निवडा आणि पाकिटात घालून द्या. नव्या वाचकांची बाराची यादी वेगळी. दोन्ही याद्या एकत्र केल्या की काही नावं दोन्हीकडे असतील, समजा पाच, म्हणजे एकूण 19 माणसं होतील. त्यात कुठल्याच यादीत नसलेले तीन जण, दाराशी पास झालेल्यांतून, चिठ्ठ्या टाकून घ्या. ही चिठ्ठ्यांची नावं वगळू नका, रुब्रिकनं चुकून कुणाला बाहेर ठेवलंय का, हे कळायला तेवढाच मार्ग आहे. या 22 जणांना तुमच्या खऱ्या कामातला, नावं-आकडे बदललेला, चाळीस मिनिटांचा एक नमुना द्या. दोन तक्ते, मुद्दाम सोडलेल्या तीन चुका, आणि शेवटी विक्रीप्रमुखाला लिहायचा पाच ओळींचा निरोप. तपासणाऱ्याला कोण कुठल्या यादीतलं हे माहीत नको.

22 माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, तेव्हा निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी साहेबांना टोमणा मारू नका. फक्त एकच बघा : केवळ त्यांच्या यादीत असलेल्या सात जणांनी किती चुका पकडल्या आणि केवळ नव्या यादीतल्या सात जणांनी किती. दोन्हीकडे असलेल्या पाचांवरून काहीच कळणार नाही, त्यांना हिशोबात धरू नका. हा कागद जपून ठेवा आणि पुढच्या दोन-तीन भरतींचे आकडे त्यालाच जोडत जा.

आणि तुमच्या जुन्या 12 जणांना अजून नकार किंवा बोलावणं, काहीच कळवलं नसेल अशी आशा करते. कळवलं असेल तर ज्यांना बोलावलंय त्यांना आता मागे घेऊ नका, त्यांची त्यात चूक नाही. त्यांना याच 22 जणांत मिसळा, संख्या थोडी वाढेल. नमुन्याची फाइल परत येईल तेव्हा तिच्या नावात उमेदवाराचं नाव असेलच, ते क्रमांक घालून बदलायला कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.